एराटोस्थेनिसला दोन ठिकाणी एकाच वेळी सावली का मोजावी लागली नाही

प्रश्न: प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने दोन शहरांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला म्हणतात. पण तेव्हा ना घड्याळ होतं ना फोन. मग इतक्या लांबच्या दोन ठिकाणी एकाच वेळी सावली मोजली कशी?

तशी मोजायची गरजच नव्हती. सकाळपासून सावली आखडत जाते, एका क्षणी सर्वांत छोटी होते आणि मग पुन्हा लांबायला लागते. ती सर्वांत छोटी असते तेव्हा त्या गावची माध्यान्ह. त्या क्षणी सूर्य डोक्यापासून किती अंश ढळलेला दिसेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: गावाचा अक्षांश, आणि सूर्य त्या दिवशी किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. म्हणून प्रत्येक गावानं आपापल्या माध्यान्हीला सावली मोजली की पुरतं. शेजारच्या गावाची माध्यान्ह दहा मिनिटं आधी झाली की नंतर, यानं कोनात फरक पडत नाही.

दिवस निवडला तोही सोयीचा. मार्चमध्ये सूर्य रोज सुमारे 0.4 अंश उत्तरेला सरकतो, तेव्हा तारीख चुकली तर कोनही चुकतो. पण जूनच्या अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या, आसपास तो जवळजवळ थबकलेला असतो. दोन दिवसांची चूक झाली तरी त्या काळच्या साधनांना ती कळली नसती.

एराटोस्थेनिसचं मूळ पुस्तक हरवलं आहे. पद्धतीचं वर्णन आपल्याला क्लिओमेडिस या नंतरच्या ग्रीक लेखकाच्या लिखाणातून मिळतं. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. सायीनला, म्हणजे आजच्या अस्वानला, अयनदिनाच्या माध्यान्हीला उभ्या काठीची सावली पडत नाही हे माहीतच होतं. त्यामुळे खरं मोजमाप उरलं ते अलेक्झांड्रियाचं. त्यासाठी अर्धगोल वाडग्यासारखं छायायंत्र होतं. तळाशी काडी उभी, आणि तिची सावली आतल्या वक्र पृष्ठभागावर पडायची. सावलीनं वर्तुळाचा कितवा भाग व्यापला ते थेट कळायचं, त्रिकोणमिती लागतच नव्हती. उत्तर आलं पन्नासावा भाग, म्हणजे 7.2 अंश. सूर्य इतका दूर आहे की दोन्हीकडचे किरण समांतर धरता येतात, म्हणून हाच कोन पृथ्वीच्या केंद्राशी दोन शहरांमध्ये होतो. अंतर 5,000 स्टेडिया, म्हणजे स्टेडियन या ग्रीक मापात मोजलेलं, त्याची पन्नास पट 2,50,000. पुढे हा आकडा 2,52,000 असा सांगितला जातो, म्हणजे एका अंशाला बरोबर 700.

आता चुका कुठे होत्या ते बघा. अस्वान नेमकं कर्कवृत्तावर नव्हतं, सुमारे 40 किलोमीटर उत्तरेला होतं. तरी सावली दिसली नाही, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे आणि तिच्यामुळे सावलीची कड धूसर होते. क्लिओमेडिस स्वतःच सांगतो की 300 स्टेडिया व्यासाच्या प्रदेशात सावली पडत नाही. दुसरं, अलेक्झांड्रिया अस्वानच्या सरळ उत्तरेला नाही, सुमारे 3 अंश पश्चिमेला आहे. दोन्हीकडच्या माध्यान्हीत म्हणूनच बारा मिनिटांचा फरक पडतो. याचा फटका कोनाला बसत नाही, अंतराला बसतो: दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे 840 किलोमीटर, पण त्यातला उत्तर-दक्षिण भाग 790 च्या आसपास. म्हणजे माझ्या मते सर्वांत कच्चा दुवा सावली नव्हे, जमिनीवरचं अंतर. 5,000 हा आकडाच गोल केलेला दिसतो.

'त्याचं उत्तर खऱ्या परिघाच्या एक टक्क्याच्या आत होतं' हे नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच जपून घ्यावं. स्टेडियन 157.5 मीटरचा धरला तर 2,50,000 चे 39,375 किलोमीटर होतात, 185 मीटरचा धरला तर 46,250. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ 40,008. स्टेडियन नक्की कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

करून बघायचं असेल तर नाशिक आणि कोल्हापूर ही जोडी छान आहे, दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. 22 डिसेंबरच्या आसपास एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. घड्याळातले बारा धरू नका, तेव्हा तिथली माध्यान्ह साडेबारानंतर होते. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा आणि सर्वांत छोटी घ्या. कोल्हापुरात ती सुमारे 84 सेंटिमीटर यायला हवी, नाशिकला 94 ते 95. सावली भागिले काठी, कॅल्क्युलेटरवर त्याचा tan⁻¹ काढला की कोन मिळतो: अंदाजे 40.1 आणि 43.4, फरक 3.3 अंश. नकाशावरचं सरळ अंतर सुमारे 366 किलोमीटर घ्या, रस्त्याचं नको. 360 भागिले 3.3 गुणिले 366 केलं की 39,900 च्या आसपास येतं. मात्र कोनात 0.1 अंशाची चूक झाली तरी परिघात हजारभर किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून दोघांनीही धूसर कडेचा एकच भाग, शक्यतो मधला, धरायचा हे आधी ठरवून घ्या. मेच्या मध्यावर केलंत तर कोल्हापूरची सावली दक्षिणेला आणि नाशिकची उत्तरेला पडेल. तेव्हा कोनांची वजाबाकी न करता बेरीज करा.