क्षुर म्हणजे वस्तरा

प्रश्न: कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की हा मार्ग तलवारीच्या धारेसारखा आहे. एवढं अवघड असेल तर आपल्यासारख्या संसारी माणसाने ते वाचून उपयोग काय? आणि त्यात नक्की अवघड काय आहे?

आधी एक दुरुस्ती करतो, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे. त्या मंत्रात तलवार नाहीच. शब्द आहे 'क्षुर', म्हणजे वस्तरा. आम्हा सोलापूरकरांना हे लवकर कळतं, कारण शेजारी कानडी बोलणारी घरं असतात आणि कानडीत न्हाव्याच्या दुकानाला 'क्षौरद अंगडी' म्हणतात. मराठीतलं क्षौरही त्याच क्षुरातून आलेलं.

फरक शब्दापुरता नाही. तलवार म्हटली की शौर्य आणि रक्त आठवतं. मग आपण समजतो की यम हाल सोसायला सांगतोय: उपास करा, घरदार सोडा. वस्तऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

लहानपणी वडिलांचं बोट धरून नव्या पेठेतल्या एका केशकर्तनालयात जायचो. भिंतीला चामड्याचा पट्टा टांगलेला असे. म्हातारे कारागीर त्यावर वस्तरा फिरवायचे, पाठ पुढे आणि धार मागे. उलट का नाही फिरवत, असं मी विचारलं तर म्हणाले, "पट्टा चिरतो आन् धार बी जाती." मग वस्तरा उजेडात धरून धारेकडे अगदी समोरून बघायचे. एखाद्या जागी बारीक रेघ चमकली की पुन्हा पट्ट्यावर. कारण जिथे चमक दिसते तिथे धार बोथट असते. चांगल्या धारेला उजेड परतवायला जागाच उरत नाही, त्यामुळे ती समोरून दिसतच नाही. उपनिषद वाचायला लागलो तेव्हा मला आधी तो पट्टा आठवला.

आता मंत्र पाहू. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीतला हा चौदावा:

उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत ।
क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया दुर्गं पथस्तत्कवयो वदन्ति ॥

निशिता म्हणजे पाजळलेली. दुरत्यया म्हणजे ओलांडून जायला कठीण. गीतेत 'मम माया दुरत्यया' आहे तोच शब्द. दुर्ग म्हणजे जिथे जाणं कठीण ते, म्हणूनच किल्ल्यालाही दुर्ग म्हणतात. आणि हे यम स्वतःच्या नावावर खपवत नाही, 'कवी म्हणतात' असं सांगतो. इथे कवी म्हणजे खोल पाहणारे जाणते, कविसंमेलनवाले नव्हेत.

आता अवघड काय, ते. हा मंत्र कॅलेंडरवर एकटा छापलेला असतो आणि तिथेच घोटाळा होतो. त्याला कथेत परत बसवून बघा. बापाने रागाच्या भरात 'तुला मृत्यूला दिलं' म्हटलं म्हणून पोरगा यमाच्या दारी गेला, यम घरी नव्हता म्हणून तीन रात्री उपाशी राहिला आणि त्याबद्दल त्याला तीन वर मिळाले. तिसऱ्या वरात त्याने विचारलं की माणूस मेल्यावर उरतो की नाही. यमाचं पहिलं उत्तर आहे, 'न हि सुविज्ञेयम् अणुरेष धर्मः.' देवांनाही इथे शंका आली होती, हे सहज कळण्यासारखं नाही, कारण ते अणू आहे, फार बारीक आहे. दुसऱ्या वल्लीत आत्म्याला 'अणोरणीयान्' म्हटलंय, अणूहूनही बारीक. तिसऱ्या वल्लीतला बारावा मंत्र म्हणतो की तो सर्वांमध्ये लपलेला आहे, पण टोकदार, सूक्ष्म बुद्धीला दिसतो. वस्तरा त्यानंतर दोनच मंत्रांनी येतो. म्हणजे अवघडपणा आहे तो बारीकपणाचा. शंकराचार्य भाष्यात नेमकं हेच कारण देतात: 'ज्ञेयस्यातिसूक्ष्मत्वात्', जे जाणायचं तेच अतिसूक्ष्म आहे म्हणून.

प्रत्यक्षात हे कसं, ते मधल्या तेराव्या मंत्रात आहे. वाणी मनात आवरावी, मन बुद्धीत, बुद्धी 'महान् आत्म्यात', म्हणजे एकट्या माणसापुरती नसलेल्या, सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या बुद्धीत, आणि तो महान् आत्मा शांत आत्म्यात. माझं सांगतो. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी पंधरा-वीस मिनिटं बसतो. तोंड मिटलं की वाणी आवरली असं वाटतं, पण आत बडबड चालूच असते: गॅसचा नंबर लावायचा राहिला, मेहुण्याला फोन करायचाय. म्हणजे वाणी फक्त आत सरकली. कधीमधी ती बडबडही निवते. त्याच क्षणी आतून कुणीतरी म्हणतं, 'वा, आज जमलं.' झालं, रेघ चमकली! ते म्हणणारा 'मी' पहिल्या बडबडीपेक्षा खूप बारीक आहे, आणि त्याला दाबून टाकायला गेलं की दाबणारा आणखी एक 'मी' तयार होतो. इथे जोर चालत नाही. दाढी करताना वस्तरा दाबला की कापतं, तसंच काहीसं. महान् आत्म्यापर्यंत माझी मजल गेलेली नाही, त्यामुळे त्यापुढचं मी फक्त वाचलेलं आहे. दाढीची उपमाही माझीच. भाष्यात वस्तऱ्याच्या धारेवर पायांनी चालणं किती कठीण, एवढंच आहे.

संसारी माणसाचं म्हणाल, तर दुसऱ्या वल्लीत यमाने एक अट घातली आहे: जो दुराचार सोडत नाही, ज्याचं मन शांत आणि एकाग्र नाही, त्याला नुसत्या हुशारीने हे मिळत नाही. त्या मंत्रात घर सोडण्याचा शब्दही नाही. संन्यास हवाच का, हा वाद भाष्यकारांचा, आणि तो मोठा आहे.

शिवाय चौदाव्या मंत्राची पहिली ओळ बघा. इतका वेळ यम एकट्या नचिकेताशी बोलतोय, आणि इथे एकदम 'उत्तिष्ठत, जाग्रत, निबोधत', तिन्ही क्रियापदं अनेकवचनी. उठा, जागे व्हा, जाणून घ्या. समोर तर एकच पोरगा बसलाय! शंकराचार्यांनी इथे 'हे जन्तवः' असं संबोधन घातलंय, म्हणजे अहो प्राण्यांनो, तुम्ही सगळे. तेव्हा तुम्ही-आम्ही त्यात आलोच.

याच ओळीचं 'ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' हे रूप विवेकानंदांमुळे घरोघरी पोचलं. आमच्या शाळेच्या भिंतीवरही होतं, आणि मला बरीच वर्षं ते दहावीच्या मार्कांबद्दल वाटायचं. मूळ ओळीत ध्येयही नाही आणि न थांबणंही नाही. 'प्राप्य वरान्' म्हणजे श्रेष्ठांकडे, जाणत्या गुरूंकडे जाऊन. 'वर' म्हणजे वरदानही, आणि नचिकेताला तर तीन मिळालेलेच होते, म्हणून काही जण 'वर मिळवून' असाही अर्थ करतात. मला पहिला पटतो, कारण धार कशी बघायची हे मलाही कुणीतरी उजेडात धरूनच दाखवलं होतं.

वाचणार असाल तर चौदाव्यावर थांबू नका, पंधरावाही घ्या. आत्म्याला शब्द नाही, स्पर्श नाही, रूप नाही, रस नाही, गंध नाही, असं तिथे एकामागून एक येतं. कान, त्वचा, डोळे, जीभ, नाक, पाचांनाही धरायला काही उरत नाही.