पीएलए कुकी कटर धुऊन वापरावा का?

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरच्या रिळावर 'फूड सेफ' लिहिलंय. त्या पीएलए प्लास्टिकचा छापलेला कुकी कटर धुऊन पुन्हा पुन्हा वापरला तर चालेल का?

थेट पिठावर पुन्हा पुन्हा नको. एकदाच वापरा, नाहीतर लाटलेल्या पिठावर क्लिंग फिल्म पसरून वरून दाबा. कडा थोड्या गोलसर येतील, पण कटर कोरडा राहील. रिळावरचा दावा मूळ प्लास्टिकपुरता असतो. छापताना ०.२ मिमीच्या दोन थरांमध्ये खाच उरते, तिथे लोणी-अंड्याचं पीठ अडकतं, स्पंजने निघत नाही आणि त्यात जंतू वाढतात. कढत पाण्याने धुवावं, तर पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडून कटर वाकडा होतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक थोडी जास्त उष्णता सोसतं, खाचा मात्र तशाच. फूड-ग्रेड इपॉक्सीचा लेप खाचा बुजवतो, पण उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात मिसळून पूर्ण मुदत वाळवला तरच. पातळ धारेवर टवका उडालेला दिसला, की तो कटर बाद.