शब्द बदलले, तरी चोरी? ‘वाङ्मयचौर्य’ या शब्दाची व्याप्ती

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातल्या तलावांवर प्रबंध लिहीत आहे. एका पुस्तकातला परिच्छेद घेऊन मी त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला. संगणकाच्या तपासणीत साम्य चारच टक्के निघाले. तरीही मार्गदर्शक त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. माझ्याच जुन्या लेखातली दोन पाने घेतली, त्यालाही ते तेच म्हणतात. जे नक्कल केलेले नाही आणि जे माझेच आहे, त्याला ‘चौर्य’ हा शब्द कसा लागू होतो? मराठीत याला वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : आपली अडचण निम्मी शब्दातून आलेली आहे. ‘वाङ्मय’ म्हणजे साहित्य असा अर्थ आपल्या मनात रुजला आहे आणि ‘चौर्य’ म्हटले की एकाच्या घरातून वस्तू नाहीशी होऊन दुसऱ्याच्या घरात सापडली पाहिजे अशी अपेक्षा असते. त्यामुळे कविता किंवा कथा शब्दशः उतरवली तरच हा शब्द लागू पडतो असे वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतली व्याख्या मात्र शब्दांपाशी थांबत नाही. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून पुढे करणे, असा तिचा आशय आहे. कल्पनेला अवतरणचिन्हे नसतात आणि टक्केवारीही नसते. त्याच विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, पण ते मोजमाप जुळणाऱ्या मजकुराचे आहे. आपले चार टक्के एवढेच सांगतात की यंत्राला जुळणारे शब्द थोडे सापडले.

या विषयाचा जुना शब्द ‘वाक्चौर्य’ असा आहे आणि तो आमच्या भागाला अगदीच परका नाही. नवव्या-दहाव्या शतकांच्या सांध्यावर होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीमला, लावून दिला आहे. (आम्हा वाशीमकरांना हे सांगायला निमित्तच लागते.) त्याच ग्रंथात ‘हरण’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. त्यात शब्दहरण वेगळे आणि अर्थहरण वेगळे मानले आहे. अर्थहरणाच्या प्रकारांत पहिला प्रकार ‘प्रतिबिंबकल्प’. त्याचे लक्षण असे की अर्थ सगळा तोच असतो, फक्त वाक्यरचना दुसरी केलेली असते. आरशातल्या प्रतिमेला स्वतःचा जीव नसतो, तसे हे लेखन. त्याने कवीला अकवित्व येते, म्हणून ते सर्वथा टाळावे, असे राजशेखर म्हणतो. आपल्या परिच्छेदाचे याहून नेमके वर्णन मला दुसरीकडे सापडले नाही.

आधुनिक काळात अमेरिकेतल्या रेबेका मूर हॉवर्ड या लेखनशिक्षणाच्या अभ्यासिकेने 1990 नंतरच्या दशकात यालाच ‘पॅचरायटिंग’ हे नाव दिले. मूळ मजकूर घ्यायचा, काही शब्द गाळायचे, व्याकरणाची रचना थोडी फिरवायची आणि एका शब्दाच्या जागी त्याचा एकेक पर्याय बसवायचा, अशी ती कृती आहे. काही जण याला ‘ठिगळलेखन’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण गोधडीचे ठिगळ लांबूनही दिसते आणि इथे तर सगळी कारागिरी शिवण लपवण्याची असते. मी ‘शब्दपालट’ म्हणतो. त्यात केलेले काम आणि न केलेले काम, दोन्ही कळतात.

आपला परिच्छेद माझ्यासमोर नाही, म्हणून त्याच विषयावर मी स्वतः एक नमुना रचला आहे. समजा, पुस्तकात असे आहे : “मालगुजारी गेली तसे तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची डागडुजी करणारे हात कामावरून सुटले. गाळ साठत गेला. तलाव कागदावर तेवढाच राहिला; पाण्याला मात्र जागा उरली नाही.” आता शब्दपालट पाहा : “मालगुजारी पद्धत संपुष्टात आल्यावर जलाशय शासनाच्या ताब्यात गेले व बांधाची दुरुस्ती करणारी माणसे कामातून मोकळी झाली. गाळ जमा होत गेला. जलाशयाचे क्षेत्र नोंदींत कायम राहिले; परंतु जलसाठ्यासाठी स्थान शिल्लक राहिले नाही.”

‘मालगुजारी’ आणि ‘गाळ’ हे दोन शब्द सोडले तर फारसे काही जुळत नाही, आणि यंत्रही बहुधा काही म्हणणार नाही. पण दोन्ही उतारे शेजारी ठेवून बोट फिरवावे. तीन वाक्ये, त्याच क्रमाने. पहिल्या वाक्यात ‘आणि’ होते, तिथे ‘व’ आला. शेवटच्या वाक्यात अर्धविराम होता, तिथेच अर्धविराम आहे. ‘मात्र’च्या जागी ‘परंतु’ बसला आहे. मुख्य म्हणजे कागदावरचा तलाव आणि प्रत्यक्षातले पाणी यांना समोरासमोर उभे करण्याची जी युक्ती, ती मूळ लेखकाची आहे, आणि ती जशीच्या तशी उचलली गेली आहे. वाक्यांचा सांगाडा असा सलग जुळला की मार्गदर्शकाला टक्केवारीची गरज पडत नाही.

दुसरी खूण अधिक बोलकी आहे. मूळ लेखक ‘पाळ’ म्हणाला आणि शब्दपालट करणाऱ्याने ‘बांध’ लिहिले. शब्दकोशात हे जवळचे शब्द असतील, पण तलावाखाली धान लावणाऱ्या शेतकऱ्याला तलावाची पाळ वेगळी आणि शेताचा बांध वेगळा. ‘हात कामावरून सुटले’ यात देखभालीची व्यवस्था मोडल्याची खंत आहे. ‘माणसे कामातून मोकळी झाली’ म्हटल्यावर त्यांना जणू सुटी मिळाली. पर्याय शोधताना अर्थ असा निसटतो, कारण लिहिणाऱ्याचे लक्ष तलावाकडे नसून शब्दाकडे असते. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की अवघड विषयाची भाषा नव्याने शिकणारा माणूस बहुतेक वेळा या अवस्थेतून जातो आणि प्रत्येक वेळी त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. मला ते मान्य आहे, आणि म्हणून विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्याला ‘चौर्य’ म्हणणे मला कठोर वाटते. सादर केलेल्या प्रबंधाला मात्र ती सवलत देता येत नाही.

तळटीप दिली की भागते का? पुरते भागत नाही. टीप सांगते की विचार त्यांचा आहे, पण वाक्ये अवतरणात नसल्याने वाचक ती आपली समजतो. म्हणून दोनच वाटा उरतात. मूळ वाक्य इतके नेमके असेल की हलवता येत नाही, तर ते अवतरणचिन्हांत तसेच ठेवावे. नाहीतर पुस्तक मिटावे, त्यातले म्हणणे घरातल्या कुणाला तोंडी सांगावे आणि मग ते आपल्या प्रबंधाच्या गरजेप्रमाणे लिहावे. उदाहरणार्थ : “तलाव उथळ झाले याचे कारण हे लेखक पावसात शोधत नाहीत, मालकीच्या बदलात शोधतात, देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची हेच ठरले नाही, असा त्यांचा रोख आहे. मी पाहिलेल्या तलावांना हे कितपत लागू पडते ते पुढे तपासले आहे.” इथे विचाराला धनी आहे आणि वाक्य आपले आहे.

या विचाराच्या धन्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गफलत इथे होते. मालगुजारी 1951 च्या सुमारास संपली ही सर्वज्ञात माहिती आहे. तिला आधार दाखवला नाही तरी कोणाचे काही घेतले असे होत नाही. हे तलाव ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त रूप म्हणून ‘मामा तलाव’ झाले, हेही तिकडे सर्वांच्या तोंडी आहे. पण उथळपणा आणि मालकी यांचा कार्यकारणसंबंध जोडणे हे कोणाचे तरी काम आहे. तो संबंध आपण संपूर्ण नव्या शब्दांत, नव्या क्रमाने मांडला तरी नाव द्यावेच लागते. ओळखण्याची माझी कसोटी अशी : ही गोष्ट मला त्या लेखकाला न वाचता सुचली असती का? नसती, तर ते उसने आहे.

हीच कसोटी न छापलेल्या माणसालाही लागू होते आणि खेड्यात काम करणाऱ्या संशोधकाने हे विशेष जपावे. तलावाची पाळ कुठे झिरपते आणि तिथेच का, हे एखादा म्हातारा कोहळी शेतकरी पाळीवरून चालता चालता सांगतो आणि प्रबंधात ते ‘असे आढळून आले’ या निनावी रचनेत उतरते. कोणाला आढळले? काव्यमीमांसेत राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या तोंडी उचलेगिरीच्या समर्थनाची कारणे येतात. त्यांत पहिलेच आहे ‘अयमप्रसिद्धः प्रसिद्धिमानहम्’, म्हणजे हा अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. हजार वर्षांपूर्वीचे हे कारण आजही तसेच चालते, फक्त आता ते कोणी उघड बोलत नाही.

आता आपल्याच जुन्या लेखातली दोन पाने. इथे ‘चौर्य’ हा शब्द मलाही खटकतो, कारण ज्याचे गेले असा कोणी नाही. पण दोष खरा आहे. जिनिंगच्या काट्यावर एकदा मोजलेली कापसाची गाडी मागच्या फाटकातून फिरवून पुन्हा काट्यावर आणली, तर कापूस आपलाच असतो आणि तरीही माप खोटे असते. प्रबंध किंवा नवा लेख हाती घेणारा वाचक आणि परीक्षक त्यातले सगळे नवे आहे असे धरून चालतो. आयोगाने 20 एप्रिल 2020 च्या सूचनेत हेच म्हटले आहे : स्वतःचे आधी प्रसिद्ध झालेले लेखन पुरेसा निर्देश न करता पुन्हा वापरणे आणि नवे काम म्हणून त्याचा शैक्षणिक लाभ घेणे मान्य नाही. ‘स्ववाङ्मयचौर्य’ या जोडाक्षरी प्रतिशब्दापेक्षा ‘अनिर्दिष्ट पुनर्वापर’ म्हणावे असे मी सुचवीन. त्यात दोष वापरण्यात नसून न सांगण्यात आहे हे आपोआप येते. आपल्यासाठी उपाय सोपा आहे. त्या प्रकरणाच्या आरंभी एक वाक्य घालावे : “या प्रकरणातील तलावांच्या मोजणीचा भाग माझ्या अमुक साली अमुक नियतकालिकात आलेल्या लेखातून घेतला आहे, निष्कर्षांचा भाग नवा आहे.” त्या नियतकालिकाची परवानगी लागते का, तेही विचारून ठेवावे, कारण हक्क लेखकाकडेच असतो असे नाही.

तोंडी माहितीसाठी मी वापरतो तो नमुना देतो. सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि तळटिपेत त्याचे नाव, गाव, भेटीची तारीख आणि बोलणे कुठे झाले ते लिहावे. नाव नको असे तो म्हणाला तर “तलावाखालील एक धान उत्पादक, वय सत्तरच्या पुढे, पाळीवर झालेले संभाषण” एवढे लिहावे. आणि मजकुरातले ‘असे आढळून आले’ काढून तिथे ‘त्यांनी दाखवून दिले’ असे घालावे.