को-लीडर कोणाला करावं? क्लॅनची प्रश्नोत्तरे

या वेळीही निम्म्याहून जास्त प्रश्न ‘को’ बद्दलच आहेत. पुढची उत्तरं क्लॅश ऑफ क्लॅन्सपुरती आहेत. दुसऱ्या गेममध्ये पदं आणि त्यांचे हक्क वेगळे असतात.

क्लॅनमध्ये जास्तीत जास्त किती जण घेता येतात? (रावपुरा)

५०.

एक मेंबर रोज म्हणतो, ‘को करा नाहीतर मी चाललो.’ डोनेशन मात्र भरपूर देतो. करू का? (वाडी, बडोदे)

जाऊ द्या त्याला.

आता जरा सविस्तर, कारण हे मला दर महिन्याला लिहावं लागतं. एल्डर नव्यांना आत घेतो आणि साध्या मेंबरला काढूही शकतो, पण एकाला काढलं की दुसऱ्यासाठी त्याला थांबावं लागतं. को-लीडर मेंबरला काढतो, एल्डरला काढतो, वॉर लावतो, क्लॅनच्या सेटिंग बदलतो. तो फक्त लीडरला आणि दुसऱ्या को-लीडरला काढू शकत नाही.

माझ्या क्लॅनमध्ये आम्ही ४१ जण होतो: मी, पाच को आणि बाकीचे ३५. उत्तरायणला सगळं बडोदं गच्चीवर होतं, फोन खाली चार्जिंगला. संध्याकाळी बोटांना मांज्याच्या चिकटपट्ट्या लावलेल्या अवस्थेत गेम उघडला, तर यादीत आठ नावं! पंधरा दिवसांपूर्वी को केलेल्या पोराला चॅटमध्ये कोणी ‘नूब’ म्हणालं होतं. त्याने ३२ जणांना काढलं आणि स्वतःही निघून गेला. वॉर चालू होतं, आणि काढलेला माणूस परत आल्याशिवाय त्याचे उरलेले हल्ले करू शकत नाही. रात्रभर एकेकाला आमंत्रणं पाठवली, २३ परत आले. त्याला को मीच केलं होतं, डोनेशनचा आकडा पाहून.

डोनेशनवरून माणूस दिलदार आहे एवढंच कळतं. राग आल्यावर तो काय करतो, ते हरलेल्या वॉरनंतरच्या चॅटमध्ये दिसतं. म्हणून आधी एल्डर करा, दोन महिने बघा. वॉरमधले दोन्ही हल्ले करतो का? कोणाला काढायच्या आधी विचारतो का? माझ्याकडे आता तीनच को आहेत, आणि चौथा करायचा तर त्या तिघांशी बोलून. एकानेही नकारार्थी मान हलवली तर विषय बंद. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला आजच एल्डरवर आणा, बोलणं नंतर करा. ‘रविवारी बघू’ म्हणत बसलात तर रविवारी बघायला यादी उरणार नाही.

कोण खेळत नाही हे कसं ओळखायचं? मित्र म्हणतो, ज्याचं डोनेशन शून्य त्याला सरळ काढा. (इंदूर)

मित्राचं ऐकू नका. डोनेशनचा आकडा दर सीझनला शून्यावर येतो. नव्या सीझनच्या दुसऱ्या दिवशी निम्मा क्लॅन ‘झोपलेला’ दिसेल. वॉरचे न केलेले हल्ले, क्लॅन गेम्सचे गुण आणि रेड वीकेंडचे हल्ले, तिन्ही एकत्र पाहा. तिन्हीकडे शून्य असेल तर आधी निरोप टाका, चार दिवस वाट पाहा, मग को-लीडरशी बोलून काढा. बारावीच्या पोरांना आणि नवरात्रात गरब्याला जाणाऱ्यांना प्रोफाइलमध्ये वॉरसाठी ‘आउट’ करायला सांगा. तो ‘आउट’ असूनही तुम्ही त्याला वॉरमध्ये घेतलंत, तर चूक त्याची नाही.

वरच्या लेव्हलचा तयार क्लॅन तीन हजारांत मिळतोय. घ्यावा का? (ग्वाल्हेर)

नाही. क्लॅनची खरेदी-विक्री कंपनीच्या नियमांविरुद्ध आहे, अकाउंट बंद होऊ शकतं. शिवाय विकणारा जुना ईमेल दाखवून अकाउंट परत मिळवतो आणि तोच क्लॅन पुढच्याला विकतो. पैसे देऊन बसला असाल तर आधी घरी सांगा आणि गेममधल्या मदत विभागाला लिहा. त्या विक्रेत्याशी घासाघीस नको.

मुलगा ‘वॉर आहे’ म्हणून रात्री दोनला उठतो. खरंच उठावं लागतं का? (एक आई, बडोदे)

नाही, ताई. तयारीचे २३ तास संपले की लढाईचे पूर्ण २४ तास मिळतात, आणि त्याला त्यात कधीही फक्त दोन हल्ले करायचे असतात. वॉर रात्री दोनला संपत असेल तर लीडरने ते भलत्या वेळी लावलंय. लीडरला एवढंच कळवायला सांगा: शुक्रवारी रात्री आठला शोध लावला आणि प्रतिस्पर्धी लगेच मिळाला, तर लढाई शनिवारी सातला सुरू होऊन रविवारी सातला संपते. शोध लांबला तर सगळं तेवढंच पुढे सरकतं, म्हणून रात्री अकराला शोध लावू नये. एवढं करूनही मुलगा दोनला जागाच दिसला, तर मला नाही, डॉक्टरांना विचारा.