गिझरच्या सीपीव्हीसी लाइनचा सांधा सहा महिन्यांनी का पाझरतो?

प्रश्न: बाथरूम नवीन करून सहा महिने झाले, आता गिझरच्या गरम पाण्याच्या लाइनजवळ भिंतीला ओल आली. फोडून बघितलं तर पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बोतून पाणी झिरपतंय. प्लंबरने प्रायमर लावला नव्हता, त्यामुळे झालं का? दुरुस्तीनंतर पाणी किती वेळाने सोडायचं?

उत्तर: बहुतेक प्रायमरमुळे झालेलं नाही. घरगुती लाइनला, म्हणजे अर्धा ते दोन इंची पाइपला, सांधा चिकटवायला जे पिवळं वन-स्टेप सोल्युशन वापरतात त्याला प्रायमर लागतच नाही. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. ज्या डब्यावर प्रायमर सांगितलाय तिथे मात्र तो लावावाच लागतो. मोठ्या मापाच्या जाड पाइपला सहसा तसंच सोल्युशन येतं. प्रायमरचं काम पृष्ठभाग साफ करून मऊ करणं एवढंच. तो ओला असतानाच वरून सोल्युशन लावायचं, वाळू दिला तर उपयोग गेला. आणि पाइप सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या ज्या तोंडात तो बसतो त्यात, अर्धवट बसला असेल तर प्रायमरचे चार हात मारूनही तो सांधा टिकत नाही.

माझा संशय नेमका तिथेच आहे. काढलेला एल्बो टाकून देऊ नका. ब्लेडने उभा चिरा आणि आत बघा. पाऊण इंची सॉकेट साधारण 18 मिमी खोल असतं आणि ते सरळ नसतं, आत जाताना किंचित निमुळतं होतं. कोरडा पाइप घालून बघितलात तर तो अर्ध्याच्या आसपास जाऊन अडकतो. सोल्युशनने दोन्ही पृष्ठभाग मऊ झाले की मगच तो तळापर्यंत सरकतो, आणि त्या आतल्या घट्ट भागात पाइप व फिटिंग खऱ्या अर्थाने एकजीव होतात. तोंडाकडच्या सैल भागात सोल्युशन फक्त फट भरतं. पाइप पाच-सहा मिमी बाहेर राहिला, तर जी जागा गेली ती सगळी आतल्या मजबूत भागातली असते.

बाहेर राहतो कसा? एक तर घाईत पूर्ण दाबलेलाच नसतो. दुसरं म्हणजे निमुळतं सॉकेट पाइपला मागे ढकलतं. पाव फेरा देऊन पाइप तळाला टेकवला की हात सोडायचा नाही, तीसेक सेकंद धरून ठेवायचा. पाऊण इंचीला बरेच जण लगेच सोडून पुढच्या सांध्याला लागतात आणि पाइप हळूच दोन-चार मिमी मागे येतो. ओळखायचा सोपा उपाय: कोरड्या पाइपवर सॉकेटच्या खोलीइतक्या अंतरावर मार्करने खूण करायची. सांधा झाल्यावर खूण तोंडाशी दिसली पाहिजे. तोंडापासून लांब दिसली तर पाइप मागे आलाय.

सहा महिने कसं टिकलं, असा प्रश्न पडेल. टेस्टिंग गार पाण्यावर होतं, आणि गार पाण्याला अर्धवट सांधाही पुरतो. गरम पाण्याचं गणित वेगळं. नेहमीचा एसडीआर 11 जाडीचा पाइप 23 अंशाला 400 पीएसआय दाब घेतो, तोच 82 अंशाला फक्त 100. शिवाय तीन मीटरचा पाइप 40 अंशांनी तापला की साधारण आठ मिमी वाढतो. रोज आंघोळीच्या वेळी तापायचं, नंतर निवायचं, आणि ही ओढाताण सगळी एल्बोवर येते. म्हणून अशा पाझराची सुरुवात गिझरच्या बाजूने होते, गार लाइन ठणठणीत असते.

चिरलेल्या एल्बोत आणखी दोन गोष्टी दिसू शकतील. पाइपच्या एका बाजूला सोल्युशनचा थरच नसेल, कोरडा पट्टा असेल, तर हेक्सॉने कापून आलेली कूस न काढता पाइप घातलाय. ती कूस घालताना थर खरवडत जाते. पाइप काटकोनात कापून, आतून-बाहेरून कूस काढून, बाहेरच्या कडेला जरा उतार दिला की हा त्रास होत नाही. उलट, सॉकेटच्या तळाशी सोल्युशनचा गोळा साचलेला दिसला तर ते फिटिंगमध्ये जास्त ओतलंय. सॉकेटमध्ये पातळ हात आणि पाइपवर भरपूर, हे प्रमाण. आत साचलेलं सोल्युशन पाइपची भिंत मऊ करत राहतं, आणि तिथेच पुढे गरम पाण्यात तडा जातो.

डबाही तपासा. पीव्हीसीचं, ड्रेनेज पाइपला वापरतात ते सोल्युशन इथे चालत नाही. सीपीव्हीसीत क्लोरीन जास्त असल्याने ते त्याला नीट मऊ करत नाही. डबा घट्ट जेलीसारखा झाला असेल तर थिनर घालून पातळ करू नका, फेकून द्या.

आता दुरुस्ती. बाहेरून सोल्युशन किंवा एम-सील थापून काही होत नाही, तो सांधा कापूनच काढावा लागतो. इथे एक अडचण असते आणि ती प्लंबर सहसा सांगत नाहीत: भिंतीत पक्का बसलेला पाइप पुढे-मागे सरकत नाही, मग दोन तुकडे जोडणाऱ्या शेवटच्या कपलरमध्ये तो तळापर्यंत जाणार कसा? तेवढ्यासाठी झिरी थोडी लांब फोडावी लागते, दोन्ही बाजूंना हातभर, म्हणजे पाइप किंचित वाकवून आत घालता येतो. टाइल वाचवायला वीतभर भोकातून काम केलं, तर पुन्हा तोच अर्धवट सांधा पदरात पडतो. आणि कापण्याआधी लाइन रिकामी करा. वरून थेंब येत राहिला तर ओल्या पृष्ठभागावर सोल्युशन धरत नाही. कापडाने पुसून, कोरडं झाल्याची खात्री करूनच लावा.

पाणी सोडण्याचं. सांधा हाताला काही मिनिटांत पक्का वाटतो, पण ती फक्त पहिली पकड. आतला द्राव जायला वेळ लागतो, विशेषतः सायक्लोहेक्झानोन, जो फार सावकाश उडतो. गार पाण्यासाठी काही ब्रँड लहान मापाला अगदी थोडा वेळ देतात. डब्यावर मापाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे तक्ता असतो, तो वाचा. थंडीत पारा 15 अंशांखाली असेल तर वेळ बराच वाढतो, दमट हवेत साधारण दीडपट धरायचा. मी स्वतः गिझरच्या लाइनला 24 तास देतो, पावसाळ्यात दीड दिवस. तोपर्यंत नळ उघडे ठेवा. दोन्ही टोकं बंद असली की वाफा आतच कोंडतात आणि पाइपला मऊ करत राहतात.

मग आधी गार पाणी सोडा, पंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या आणि गेज काही तास बघा. काटा उतरला तर प्लास्टर थांबवा. हवेचा दाब देऊन तपासू नका, पाइप फुटला तर तुकडे उडतात. गार टेस्ट झाल्यावर गिझर चालू करून दोन-तीन दिवस वापरा, आणि तेवढे दिवस झिरी उघडीच ठेवा.