तक्रारीचा वास नेमका कुठून येतो?

प्रश्न: मावशीने बाळासाठी गोधडी पाठवली. तिला पत्र लिहिलं आणि चार वेळा घासूनपुसून नीट केलं. आता नवरा म्हणतो, हा तक्रार अर्ज वाटतोय. ‘सदर’ तीनदा आलाय, त्याऐवजी कोणता शब्द घालू? मजकूर असा: ‘आपण पाठविलेली गोधडी मंगळवारी प्राप्त झाली. सदर गोधडी उत्तम असून सदर गोधडीबाबत आपले आभार व्यक्त करण्यात येत आहेत. आपण बारशास येणार असल्याचे कळविले होते. तथापि सदर प्रसंगी आपली अनुपस्थिती जाणवली. तरी लवकरात लवकर यावे.’

कोणताही नाही. ‘सदर’ काढा आणि जागा मोकळी सोडा. ‘उपरोक्त’ तर अजिबात नको, तो सदरचाच सोवळं नेसलेला भाऊ. सोसायटीच्या नोटिशीत ‘सदर’ मी सोसतो, पण परवा एका पाककृतीत ‘सदर कांदा परतून घ्यावा’ वाचलं आणि भूकच मेली. अरबीत हा शब्द म्हणजे छाती, पुढची बाजू. त्यावरून मानाची जागा, वाड्याची सदर. ते असो.

खरी गंमत तुमच्या नवऱ्याच्या शब्दात आहे. ‘तक्रार’ हाही अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ गाऱ्हाणं नाहीच. मूळ अर्थ पुनरावृत्ती! तेच ते पुन्हा म्हणणं. उर्दू-हिंदीत तकरार म्हणजे वादावादी झाली, कारण वादात माणूस एकच मुद्दा घोळवतो. मराठीने पुढे जाऊन त्याची कचेरीत द्यायची तक्रार केली. माझं तर ठाम मत आहे की मूळ अर्थ अजून मेलेला नाही. तुमच्या पत्राला तक्रारीचा वास येतो तो ‘गोधडी, सदर गोधडी, सदर गोधडीबाबत’ या घोकण्यातून. वकिलाला तसं लिहावं लागतं, उद्या कोर्टात कोणी ‘कुठली गोधडी?’ विचारेल म्हणून. मावशी विचारणार नाही. शिवाय मराठीत त्याची गरजही नसते. ‘गोधडी आली, आवडली, लगेच पांघरली’ यात नाम एकदाच येतं, पुढे क्रियापदाचा ईकार ते सांभाळतो.

फारसी-अरबी शब्द वेचून टाकले की पत्र मऊ होतं असं सांगणारे शुद्धीवाले मला पटत नाहीत. ‘व्यक्त करण्यात येत आहेत’ यात कुठे अरबी आहे? तरी बर्फ आहे, कारण आभार कोण मानतंय तेच वाक्यातून पळालंय. आणि तक्रार व गाऱ्हाणं एकच म्हणणाऱ्यांनी एकदा कोकणात जावं. तिथे गाऱ्हाणं देवाला घालतात आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. तक्रार परक्याकडे होते. गाऱ्हाणं ऐकायला आपलं माणूस लागतं, निदान आपला देव तरी.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात बोचरा शब्द सांगतो. तो ‘सदर’ नाहीच, तो आहे ‘होते’. ‘तू येते म्हणालीस’ ही आठवण झाली. ‘तू येते म्हणाली होतीस’ म्हटलं की मागे न लिहिलेलं ‘आणि आली नाहीस’ उभं राहतं. तुम्ही तर पुढे ‘तथापि’ घालून तेही लिहून टाकलंत. त्या जागी मावशीने काय केलं नाही ते सांगू नका, तुम्ही काय केलंत ते सांगा: वाट पाहिली.

राहिलं ‘आपण’. मावशीला तोंडावर तू म्हणत असाल तर कागदावरही तूच. पहिल्या खर्ड्यात ते होतं, अशी माझी पैज. आणि ‘पाठविलेली’चं ‘पाठवलेली’, ‘कळविले’चं ‘कळवलं’ करायचं तर सगळीकडे करा. अर्धं बोलीतलं, अर्धं छापील ठेवलंत तर रागावलेला माणूस मुद्दाम गोड बोलतोय असं वाटतं.

मी असं लिहीन:

‘मावशी, गोधडी मंगळवारी आली गं. तुझ्या अबोली पातळाचा तुकडा मी लगेच ओळखला. बाळ तिच्यात गुडूप झोपतं, काढली की रडतं. बारशाला तुझी फार वाट पाहिली. गुडघा बरा झाला की ये, चार दिवस राहायलाच ये.’

पातळ आणि गुडघा माझ्या पदरचे, तुमच्याकडचं खरं काय असेल ते घाला. ‘आभार’ मुद्दाम गाळलेत, पातळ ओळखलं यात ते येऊन गेले. मग खाली ‘आपली विश्वासू’ लिहून पाहा. तुमच्या पत्राखाली ते बेमालूम बसतं. या पत्राखाली हसू आलं, तर पाकीट बंद करायला हरकत नाही.