‘इतर’ नावाचा स्पर्धक नसतो

“मॅडम, विक्रीचा तक्ता आला की माझे पाच-सात मार्क जातातच. मार्केट शेअर, रिलेटिव्ह मार्केट शेअर आणि ग्रोथ, तिन्हींची सूत्रं पाठ आहेत. कॅल्क्युलेटरही नीट वापरते. तरी बीसीजी मॅट्रिक्सच्या चार चौकोनांत प्रॉडक्ट कधी बरोबर चौकोनात जातं, कधी भलत्याच. माझं गणितच कच्चं आहे का?”

ही मुलगी एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती. दिवसा हिंजवडीत नोकरी आणि रात्री सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत अभ्यास. पहिल्या भेटीला येताना तिला सोडवलेली गणितं आणायला सांगितली होती, खाडाखोडीसकट. अशा वेळी शेवटचं उत्तर आधी पाहायचं नसतं. प्रत्येक भागाकार सुटा काढून तपासायचा असतो. तिचे सगळे भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक निघाले, म्हणजे गणित कच्चं नव्हतं. गडबड एकाच जागी होती: भागायचं कशाने, म्हणजे छेदात कोणता आकडा घ्यायचा. कधी बरोबर, कधी चूक असं का होत होतं, तेही त्यातच दडलेलं होतं.

तिच्या वहीतलं एक सराव-गणित असं होतं. एक कंपनी मसाले आणि झटपट पीठ विकते. आकडे लाख रुपयांत आहेत.

| | मसाले, मागचं वर्ष | मसाले, हे वर्ष | पीठ, मागचं वर्ष | पीठ, हे वर्ष |
|---|---|---|---|---|
| आपली कंपनी | २०० | २४० | ८० | ९० |
| स्पर्धक अ | १५५ | १६० | १४० | १८० |
| स्पर्धक ब | १२० | १२० | ८५ | १०० |
| इतर | २७५ | २८० | ९५ | १३० |
| एकूण बाजार | ७५० | ८०० | ४०० | ५०० |

तिने मसाल्यांची ग्रोथ २० टक्के काढली होती आणि रिलेटिव्ह शेअर ०.८६. वाढ जास्त आणि हिस्सा कमी, म्हणून मसाले ‘क्वेश्चन मार्क’मध्ये. पिठाची ग्रोथ १२.५ टक्के, रिलेटिव्ह शेअर ०.५, म्हणून तेही ‘क्वेश्चन मार्क’. उत्तरसूचीत पीठ ‘क्वेश्चन मार्क’ होतं आणि मसाले ‘कॅश काऊ’, म्हणजे वाढ कमी पण हिस्सा जास्त. पिठाला पूर्ण गुण, मसाल्यांना शून्य, आणि दोन्हीकडे पद्धत तीच.

आधी ग्रोथ पाहू. २० टक्के आले ते २०० वरून २४० झाले म्हणून. ही आपल्या विक्रीची वाढ आहे. मॅट्रिक्सच्या उभ्या अक्षावर हवी असते ती बाजाराची वाढ, म्हणून आकडे शेवटच्या ओळीतले घ्यायचे: ८०० वजा ७५० म्हणजे ५०, त्याला ७५० ने भागून शंभराने गुणलं की ६.६७ टक्के. छेदात मागच्या वर्षाचा आकडा. ८०० ने भागलं तर ६.२५ येतात. फरक लहान दिसतो, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

पिठातही तिने हीच चूक केली होती. ८० वरून ९० म्हणजे १२.५ टक्के ही आपली वाढ. बाजार ४०० वरून ५०० वर गेला, म्हणजे खरी बाजारवाढ २५ टक्के. पण वेगळी मर्यादा दिलेली नसेल तर जास्त आणि कमी वाढीमधली रेघ सहसा १० टक्क्यांवर धरतात, आणि १२.५ काय किंवा २५ काय, दोन्ही रेघेच्या वरच. म्हणून चुकीच्या आकड्याने चौकोन बरोबर आला. नुसतं शेवटचं उत्तर ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अशी चूक वर्षभर कळत नाही.

आता रिलेटिव्ह शेअर. हे मॅट्रिक्स १९७० मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी मांडलं. त्यात आडव्या अक्षावर नुसता हिस्सा घेत नाहीत, सर्वांत मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेतला हिस्सा घेतात. तिने मसाल्यांच्या उभ्या ओळीत सर्वांत मोठा आकडा शोधला. २८० सापडला. २४० भागिले २८० बरोबर ०.८६.

“पण २८० सगळ्यांत मोठाच आहे ना?” असं तिने विचारलं.

“ते २८० लाख कुणाच्या खात्यात जमा होतात?” या प्रश्नावर ती थांबली. मंडईजवळ, उपनगरांत, घरगुती मसाले विकणारे कितीतरी लहान उत्पादक मिळून ती ओळ झालेली आहे. त्यांचा कारखाना एक नाही, खरेदी एक नाही, किंमत ठरवणारा माणूसही एक नाही. रिलेटिव्ह शेअर काढतात तो स्पर्धकाच्या तुलनेत आपला आकार किती हे पाहायला, कारण मोठ्या आकाराबरोबर अनुभव वाढतो आणि दर नगाचा खर्च उतरतो, असा त्यामागचा विचार आहे. लहानांची बेरीज केली म्हणून त्यातल्या कुणाचा खर्च उतरत नाही. म्हणून ‘इतर’ एकूण बाजारात मोजायचे, स्पर्धक म्हणून मात्र धरायचे नाहीत.

मग सर्वांत मोठा स्पर्धक अ. आपला हिस्सा २४० भागिले ८००, म्हणजे ३० टक्के. अचा १६० भागिले ८००, म्हणजे २० टक्के. रिलेटिव्ह शेअर १.५. रेघ १ वर असते, आपण तिच्या वर. बाजारवाढ ६.६७, म्हणजे १० च्या खाली. मसाले ‘कॅश काऊ’. तिचं उत्तर शेजारच्या चौकोनातही नव्हतं, थेट तिरप्या कोपऱ्यात होतं. पुढच्या उपप्रश्नात सल्ला विचारला की हे फार महागात पडतं: पैसा देणाऱ्या मालात पैसा ओतायची शिफारस लिहिली जाते. आकृती काढतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. या मॅट्रिक्समध्ये जास्त रिलेटिव्ह शेअर डावीकडे असतो. शाळेतल्या आलेखाच्या सवयीने १.५ उजवीकडे टाकला की सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं.

पिठात तिने ९० ला १८० ने भागून ०.५ आणलं होतं, ते बरोबर होतं. तिथे ‘इतर’ १३० असल्याने सर्वांत मोठा आकडा आपोआप अचाच निघाला. इथेही नियम कळलेला नव्हता, तक्ता सोयीचा होता इतकंच.

या पायरीवर मुलं आणखी एक गल्लत करतात. “आपण पहिल्या क्रमांकावर असलो तर दुसऱ्याने भागायचं” हे वाक्य वहीत उतरवताना “दुसऱ्याने भागायचं” एवढंच उरतं. मग पिठात आघाडीवरच्या अला सोडून दुसऱ्या क्रमांकाच्या बने भागतात आणि ०.५ चे ०.९ होतात. क्रमांक लक्षातच ठेवू नये. आपली ओळ आणि ‘इतर’ची ओळ बोटाने झाकायची, उरलेल्यांत जो मोठा तो छेदात. आपण पहिले असू वा चौथे, कृती तीच. हे गुणोत्तर आहे, त्यापुढे टक्क्याचं चिन्ह लावायचं नाही.

दुसऱ्या भेटीत तिला एक पडताळा दिला. परीक्षेत त्याला अर्धा मिनिट लागतो. आपली वाढ आणि बाजाराची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही मिळून हिस्सा किती हलला हे सांगतात:

```
या वर्षाचा हिस्सा ÷ मागचा हिस्सा
= (१ + आपली वाढ) ÷ (१ + बाजारवाढ)
```

मसाल्यांत मागचा हिस्सा २०० भागिले ७५०, म्हणजे २६.६७ टक्के. ३० भागिले २६.६७ बरोबर १.१२५. दुसऱ्या बाजूला १.२० भागिले १.०६६७, तेही १.१२५. जुळलं. पिठात हिस्सा २० टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे ०.९. आणि १.१२५ भागिले १.२५ बरोबर ०.९.

पिठाचा हा आकडा पाहून ती म्हणाली, “विक्री वाढली आणि हिस्सा कमी झाला? मग मी कुठेतरी चुकले.” ती चुकली नव्हती. बाजार २५ टक्क्यांनी वाढत असताना आपण १२.५ नेच वाढलो, तर विक्री वाढूनही हिस्सा घसरणारच. ही घट लिहिताना ‘२ टक्के घट’ असं लिहू नये. २० वरून १८ ही २ टक्केबिंदूंची घट आहे, आणि मूळ हिश्श्याच्या प्रमाणात पाहिली तर १० टक्क्यांची. प्रश्नात काय विचारलंय ते वाचून दोहोंपैकी एक लिहायचं.

तक्ता दोनापेक्षा जास्त वर्षांचा असला आणि वार्षिक वाढ विचारली, तर टक्क्यांना वर्षांनी भागून चालत नाही. समजा बाजार दोन वर्षांत ४०० वरून ४८० झाला. एकूण वाढ २० टक्के, म्हणून वर्षाला १० असं वाटतं. पण चक्रवाढीने १.२ चं वर्गमूळ घ्यायचं, ते १.०९५४. म्हणजे वर्षाला ९.५४ टक्के. रेघ १० वर असेल तर एवढ्याशा फरकाने चौकोन बदलतो.

शेवटच्या भेटीला ती लोणच्यांचं एक गणित घेऊन आली. आपली विक्री ५० लाख. खाली लिहिलेलं: “सर्व स्पर्धकांची मिळून विक्री १५० लाख, पैकी अ ६०, ब ४०, इतर ५०.” तिने हिस्सा ५० भागिले १५०, म्हणजे ३३.३३ टक्के काढला होता. हे १५० फक्त स्पर्धकांचे होते. आपले ५० मिळवले की बाजार २०० चा आणि हिस्सा २५ टक्के. ‘एकूण’ हा शब्द दिसला की तो कुणाकुणाचा एकूण आहे हे वर मोजून पाहावं लागतं.

तिला चक्रावून टाकलं ते पुढच्या ओळीने. तिचा रिलेटिव्ह शेअर ०.८३ होता आणि उत्तरसूचीतही ०.८३च. हिस्सा चुकला, मग हे बरोबर कसं? तिने दोन्ही हिस्से शेजारी मांडले: ५०/१५० आणि ६०/१५०. एकाला दुसऱ्याने भागताना १५० कटून जातात. तिथे २०० असते तरी तेच झालं असतं. उरतात ते ५० भागिले ६०.

“म्हणजे रिलेटिव्ह शेअरसाठी टक्के काढायची गरजच नाही?”

नाही. एकाच वर्षाच्या, एकाच एककातल्या विक्रीचे दोन आकडे थेट भागले तरी पुरतं. एक आकडा रुपयांत आणि दुसरा किलोत असला, किंवा एक या वर्षाचा आणि दुसरा मागच्या वर्षाचा असला, तरच घात होतो. मसाल्यांचं गणित तिने तिथल्या तिथे पुन्हा केलं, या वेळी एकाच ओळीत: २४० भागिले १६०.